७२ फ्रेमची घार

विजेच्या तारेवर बसलेल्या पक्ष्याला शॉक का बसत नाही, या विषयावर एक मिनिटाचा ॲनिमेशन व्हिडिओ करायचा होता. संहिता माझी, चित्रं आमच्या ॲनिमेटरची. माझं पहिलं वाक्य तयार होतं: "तुम्हाला माहीत आहे का, की उच्चदाबाच्या विजेच्या तारेवर बसलेल्या चिमणीला शॉक का बसत नाही?" वाचायला बरं वाटतं. ॲनिमेटरने मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं आणि म्हणाला, "आता हे मोठ्याने वाच."

निवेदनाचा सहज वेग सेकंदाला साधारण अडीच शब्द. माझ्या वाक्यात १४ शब्द होते, म्हणजे साडेपाच सेकंद. त्यातही मराठीची एक खास अडचण आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि 'का' हा प्रश्नाचा शब्द त्याच्या अगदी जवळ. त्यामुळे प्रश्न नेमका काय आहे हे बाराव्या शब्दाला, म्हणजे पावणेपाच सेकंदांनी कळत होतं. तोवर ऐकणाऱ्याच्या हातात नुसती विशेषणं. छोटे व्हिडिओ बघताना अंगठा कायम काचेवर टेकलेला असतो. पाच सेकंद विशेषणं ऐकत थांबण्याचं त्याला काही कारण नाही.

मग हुकसाठी, म्हणजे बघणाऱ्याला अडकवणाऱ्या सुरुवातीसाठी, आम्ही स्वतःला फक्त तीन सेकंद दिले. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ७२ फ्रेम, आणि बोलायला सात शब्द.

या तीन सेकंदांत डोळा काय करतो ते आधी बघायला हवं. नजर चित्रावरून सरकत जाते असं आपल्याला वाटतं, पण ती खरं तर उड्या मारते. एका सेकंदात साधारण तीन वेळा एखाद्या जागी टेकते आणि पुढे जाते. म्हणजे तीन सेकंदांत नऊ-दहा मुक्काम. शिवाय स्पष्ट दिसतो तो भाग अगदी छोटा असतो. हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या रुंदीएवढा. मोबाइल डोळ्यांपासून ३० सेंटीमीटरवर असेल तर पडद्यावर जेमतेम एक सेंटीमीटर. वर पक्षी हलतोय, खाली मोठ्या अक्षरांत शीर्षक उमटतंय आणि कोपऱ्यात लोगो फिरतोय, अशी सुरुवात केली की ते नऊ मुक्काम तीन ठिकाणी वाटले जातात आणि कुठलीच गोष्ट धड पाहून होत नाही. आमच्या पहिल्या मसुद्यात नेमकं हेच झालं होतं. लोगो काढून टाकायला मीच तयार नव्हते, हेही कबूल करते.

नजर हवी तिथे कशी न्यायची, याबद्दल एक उपयोगी प्रयोग आहे. रिचर्ड एब्रॅम्स आणि शॉन क्राइस्ट या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली दाखवलं की लक्ष खेचून घेते ती मुख्यतः हालचालीची सुरुवात. आधीपासून हलत असलेली वस्तू तेवढं लक्ष वेधत नाही. स्थिर असलेली एखादी गोष्ट अचानक हलू लागली की नजर तिकडे धावते. ॲनिमेशनमध्ये याचा अर्थ सरळ आहे. पहिल्या फ्रेमपासून ढग, पानं, पक्षी, अक्षरं सगळंच डुलत असेल तर 'सुरुवात' व्हायला काही उरतच नाही. आम्ही पहिल्या १२ फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद, पूर्ण स्थिर ठेवल्या. काळ्या पडद्यातून हळूहळू उजळणारी सुरुवातही काढून टाकली, कारण पहिल्याच फ्रेममध्ये तार आणि पक्षी दिसायला हवेत. अर्ध्या सेकंदात नजर पक्ष्यावर बसते, आणि तेराव्या फ्रेमला एकच गोष्ट हलते.

ती गोष्ट कोणती, यावर आमचे दोन दिवस गेले. माझी कल्पना अशी: चिमणीचे दोन्ही पाय एका तारेवर आहेत, त्यातला एक पाय उचलला जातो आणि शेजारच्या तारेकडे जाऊ लागतो. बोलायचे सात शब्द: "एका तारेवर चिमणी मजेत. आता दुसरी तार…" मी खूश होते. ॲनिमेटरने चित्र काढायला घेतलं आणि विचारलं, "हिचा पाय किती लांब काढू?" तारांमधलं अंतर चिमणीच्या पायापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. पाय पोहोचण्यासाठी एक तर चिमणीला बगळ्याचे पाय लावायचे, नाहीतर तारा एकमेकींना चिकटवायच्या. व्यंगचित्र म्हणून दोन्ही चाललं असतं. पण ज्या व्हिडिओत पुढे खरं विज्ञान सांगायचंय, त्याचा पहिलाच क्षण खोटा ठेवायला मला जमेना.

म्हणून पक्षी बदलला. घारीच्या पसरलेल्या पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत सुमारे दीड मीटर भरते. घार, गरुड, करकोचे अशा मोठ्या पक्ष्यांना विजेच्या तारांवर मरण येतं ते बहुतेक याच प्रकारे: बसताना किंवा उडताना पंख दुसऱ्या तारेला किंवा जमिनीशी जोडलेल्या खांबाच्या भागाला टेकतो. आता सात शब्द असे झाले: "घार तारेवर मजेत बसलीय. आता पंख उघडतेय…" तेराव्या फ्रेमपासून पंख उलगडायला लागतो, साठाव्या फ्रेमला त्याचं टोक दुसऱ्या तारेपासून बोटभर अंतरावर येतं, आणि उरलेल्या १२ फ्रेम तो तिथेच थांबतो.

थांबतो, टेकत नाही. एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं की सरळ ठिणगी दाखवावी, धूर दाखवावा, लोक दचकून बघतील. दचकतील हे खरं. पण ठिणगी उडाली की घटना संपली. पुढे काय होणार हा प्रश्न शिल्लक राहत नाही, आणि बघणारा निघून जायला मोकळा होतो. जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ साली कुतूहलाची एक मांडणी केली. आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत करून घ्यायचंय त्यांत फट दिसली की ती डाचत राहते, आणि ती बुजवण्याची ओढ म्हणजे कुतूहल. पंखाचं टोक आणि तार यांच्यातली ती बोटभर जागा म्हणजे अशी फटच, फक्त डोळ्यांना दिसणारी.

मात्र फट कितीही मोठी चालते असं नाही. २००९ साली मिन जंग कांग आणि सहकाऱ्यांनी लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारले आणि प्रत्येक उत्तराबद्दल किती खात्री वाटते व किती कुतूहल वाटतं हे नोंदवून घेतलं. उत्तराची काहीच कल्पना नसेल तेव्हा कुतूहल कमी होतं, पूर्ण खात्री असेल तेव्हाही कमी. अंदाज आहे पण खात्री नाही, अशा मधल्या अवस्थेत ते सर्वांत जास्त होतं. माझं पहिलं वाक्य इथेच मार खात होतं. चिमणीला शॉक का बसत नाही हे अनेकांना शाळेपासून माहीत असतं, निदान माहीत आहे असं वाटतं. घारीच्या बाबतीत मात्र दोन अंदाज भांडतात. आत्तापर्यंत काही झालं नाही, म्हणजे आताही होणार नाही. पण मग हा पंख असा का थांबलाय?

हे आम्ही साध्या पद्धतीने तपासलं. सहा ओळखीच्या माणसांना पहिले तीन सेकंद दाखवले, व्हिडिओ थांबवला आणि विचारलं, "आता काय होईल?" सगळ्यांनी खांदे उडवले तर फट दिसलेलीच नाही. सगळ्यांनी एकच बरोबर उत्तर दिलं तर फट उरलेली नाही. आम्हाला चौघांकडून "शॉक बसेल" आणि दोघांकडून "काही होणार नाही" असं उत्तर मिळालं, आणि सहाही जणांनी लगेच विचारलं, "बरं, मग काय होतं?" सहा जणांवरून काही सिद्ध होत नाही, पण लंगडी सुरुवात ओळखायला सहा जण पुरतात. हीच तीन सेकंदं एकदा आवाज बंद करूनही दाखवली. अनेकजण बघताना आवाज लावतच नाहीत, त्यामुळे शब्दांवाचून फट दिसली पाहिजे.

चौथ्या सेकंदाला काय करायचं, हा वेगळा डाव आहे, आणि तिथे बरेच चांगले हुक वाया जातात. पंख थांबला, आणि लगेच "नमस्कार, आमच्या मालिकेत आपलं स्वागत" सुरू झालं की बघणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. आम्ही चौथ्या सेकंदाला अर्धं उत्तर दिलं. घारीचे दोन्ही पाय एकाच तारेवर आहेत, त्यामुळे दोन पायांमध्ये विजेच्या दाबाचा फरक जवळपास शून्य आहे, आणि फरक नाही तर घारीच्या अंगातून वाहायला विजेला कारण नाही. दुसऱ्या तारेचा दाब मात्र वेगळा असतो. पंख टेकला तर घार या दोन दाबांमधला पूल होते. तो पंख टेकतो की नाही, हे बाराव्या सेकंदापर्यंत राखून ठेवलं.

व्हिडिओ टाकल्यावर कुठल्या सेकंदाला किती लोक उरले याचा आलेख मिळतो. तो सुरुवातीला खाली येतोच, त्याने घाबरायचं कारण नाही. बघायचं ते घसरण कुठे आहे. पहिल्याच सेकंदात कडा कोसळल्यासारखी असेल तर दोष चित्राचा, कारण तोवर दोन-अडीच शब्दच बोलून झालेले असतात. वाक्य कितीही घासून उपयोग नाही. तिसऱ्या सेकंदापर्यंत रेघ बरी आणि पाचव्या-सहाव्याला खड्डा असेल तर हुकने दिलेला शब्द पुढच्या भागाने पाळलेला नाही. आमचा खड्डा पाचव्या सेकंदाला निघाला. तिथे मी 'दाब' समजावण्यासाठी पाण्याच्या टाकीचं चित्र घातलं होतं, आणि घार पडद्यावरून गायब झाली होती. प्रश्न घारीचा, आणि समोर टाकी. पुढच्या आवृत्तीत टाकी गेली. त्याऐवजी घार पूर्ण वेळ समोर ठेवून तारांनाच दोन रंग दिले.

आणखी एक बदल ॲनिमेटरने मला न विचारता केला. १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल यांनी नुसते दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडे-तिकडे हलणारी चित्रफीत ३४ जणांना दाखवली होती. एकीचा अपवाद सोडला तर सगळ्यांनी तिचं वर्णन सजीवांची गोष्ट म्हणून केलं: हा पाठलाग करतोय, ती घाबरलीय. हालचालीत हेतू दिसला की आपण लगेच पात्र उभं करतो. आमच्या घारीचा पंख नीट उलगडत होता, पण छत्री उघडावी तसा. त्याने तेराव्या फ्रेमला पंखाऐवजी घारीची मान वळवली. सहा फ्रेम ती दुसऱ्या तारेकडे बघते, मग पंख हलतो. बघणाऱ्याची नजर तिच्या नजरेमागून आधीच त्या तारेवर जाऊन बसलेली असते. पंखाला सहा फ्रेम कमी पडल्या, त्या त्याने शेवटच्या थांबण्यातून काढल्या.