सोसायटीच्या हिशेबाचा फोटो पाठवताय? आधी हे वाचा

कमिटी बदलते, एक्सेलची फाइल जुन्या सेक्रेटरींच्या लॅपटॉपवर राहते आणि नव्या कमिटीच्या हातात उरतो व्हॉट्सअ‍ॅपवरचा स्क्रीनचा फोटो. मुंबईतल्या सोसायट्यांकडून आमच्याकडे टायपिंगला येणारं बरंचसं काम असंच असतं. फोटोतून ओळी उतरवणं अवघड नाही. जे फोटोत नाही त्याचं काय करायचं, हे ठरवणं अवघड.

आम्ही आधी वरची अक्षरं पाहतो. A, B, C नंतर थेट F आलं, तर D आणि E हे कॉलम लपवलेले आहेत. अक्षरांची पट्टीच फोटोत नसेल, तर बेरीज हाच एक धागा उरतो, आणि तोही कच्चाच.

उदाहरण घ्या. फ्लॅट 304 चा मेंटेनन्स 2400, सिंकिंग फंड 250, मागील बाकी 1000. यांची बेरीज 3650, पण शीटमध्ये एकूण 4350. म्हणजे 700 रुपये D आणि E मध्ये असावेत. ते सगळे पार्किंगचे, की 500 पार्किंगचे आणि 200 गणपतीच्या वर्गणीचे? फोटो सांगत नाही. म्हणून आम्ही 700 कुठेच भरत नाही. कॉलमची जागा ठेवतो, फरक वेगळा कळवतो. (‘अंदाजाने टाका हो’ असं सांगितलं तरी नाही. उद्या त्याच आकड्यावर सभासदाला नोटीस जाते.)

```
फ्लॅट | मेंटेनन्स | सिंकिंग | D | E | बाकी | एकूण | शेरा
304 | 2400 | 250 | [लपलेला] | [लपलेला] | 1000 | 4350 | जुलैचा चेक परत आ[कापलेले]
```

शेरा पाहा. शेजारचा सेल भरलेला असला की लांब मजकूर तिथेच कापला जातो. इथे पुढे ‘आला’ असेल किंवा ‘आणून दिला’ असेल. एकात चेक बाउन्स, दुसऱ्यात नाही. म्हणून दिसतं तिथेच थांबतो आणि खूण करतो.

कॉलम अरुंद असला तर रकमेच्या जागी ##### दिसतं. तिथे आम्ही [दिसत नाही] लिहितो, शून्य कधीच नाही. रिकामा सेल मात्र रिकामाच ठेवतो. सगळ्यात फसवा असतो फोटोच्या डाव्या कडेला कापलेला आकडा: 12400 चा पहिला 1 गेला की 2400 उरतो आणि तो अगदी खरा वाटतो. कडेला टेकलेली रक्कम आम्ही दिसते तशी उतरवतो, पण [कापलेले] या खुणेशिवाय देत नाही.

फाइल कुणाकडे उघडत असेल तर आमचं निम्मं काम तिथेच होतं. C पासून F पर्यंत कॉलम निवडा, राइट क्लिक करून Unhide करा. मग अक्षरांच्या मधल्या रेषेवर डबल क्लिक केलं की कॉलम पुरेसा रुंद होतो. फोटो काढताना वरची अक्षरं आणि डावीकडचे ओळींचे नंबर चौकटीत येऊ द्या, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवलात तर बारीक आकडे धूसर होतात.