सीएलएल आणि 'वॉच अँड वेट'

सीएलएल म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, रक्ताचा सावकाश चालणारा कॅन्सर, बहुतेक वेळा साठी-सत्तरीत सापडणारा. यात बी-लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींची एकच वंशावळ वाढत राहते, त्या पेशी मरायच्या वेळी मरत नाहीत आणि रक्तात, लसिका गाठींत, प्लीहेत आणि अस्थिमज्जेत साठत जातात. युरोप-अमेरिकेत मोठ्या माणसांतला हा सगळ्यात जास्त आढळणारा ल्युकेमिया, आपल्याकडे मात्र बराच कमी. कारण काय यावर मतं वेगवेगळी आहेत, पण अमेरिकेत स्थायिक झालेल्या आशियाई घरांतही तो कमीच दिसतो, म्हणून फक्त हवापाण्यापेक्षा अनुवंशाचं पारडं जड वाटतं.

व्याख्येचा आकडा कुठे ठेवायचा यावर बराच खल झालेला आहे. १९९६ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत एकूण लिम्फोसाइट दर मायक्रोलिटरला ५,००० च्या वर असले की पुरे होतं, २००८ मधे आंतरराष्ट्रीय गटाने (आयडब्ल्यूसीएलएल) ते बदलून ५,००० 'बी' पेशी, त्याही एकाच वंशाच्या आणि निदान ३ महिने टिकलेल्या, असं केलं. त्याने काही लोक रातोरात सीएलएलमधून बाहेर पडले आणि 'मोनोक्लोनल बी-सेल लिम्फोसायटोसिस' या सौम्य खात्यात गेले. टीकाकार म्हणतात की ४,९०० आणि ५,१०० मधे निसर्ग काही रेघ मारत नाही, ते खरंच आहे, पण माणसाच्या कपाळावर उगाच कॅन्सरचा शिक्का न मारणं हा फायदा मोठा, त्यामुळे २००८ ची व्याख्याच बरी म्हणायची. निदान फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे पेशींवरच्या खुणा यंत्राने तपासून होतं, त्यासाठी हातातून काढलेलं रक्त पुरतं, अस्थिमज्जा टोचायची सहसा गरज नसते.

टप्पे ठरवायची पद्धत १९७५ मधे कांती राय यांनी दिली, मूळचे जोधपूरचे, काम अमेरिकेत. १९८१ मधे फ्रान्सच्या बिने यांची ए, बी, सी पद्धत आली. दोन्हींचं मर्म एकच, पांढऱ्या पेशी किती वाढल्या यापेक्षा गाठी, प्लीहा, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट यांचं काय झालं ते बघा.

आता लोकांना न पटणारी गोष्ट, 'वॉच अँड वेट', म्हणजे औषध न देता नुसती नजर ठेवून थांबणं. गोव्यात फोंड्याच्या माणसाला डॉक्टर 'कॅन्सर आहे पण औषध नाही, ३ महिन्यांनी या' म्हणाला की घरचे म्हणणार हा डॉक्टरच बरोबर नाही, चला मुंबईला टाटाला. मुंबईत पण बहुधा हेच ऐकू येतं. याचं कारण फ्रेंच गटाच्या १९९८ च्या निबंधात आहे. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांपैकी काहींना लगेच क्लोरॅम्ब्युसिल हे केमोचं औषध दिलं, काहींना काहीच नाही. औषधाने रोगाची वाढ मंदावली, पण आयुष्य वाढलं नाही, आणि न दिलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ११ वर्षांहून जास्त काळात औषधाची गरजच पडली नाही. ते जुनं औषध होतं असा आक्षेप नंतर आला, म्हणून सीएलएल१२ नावाच्या जर्मन चाचणीत जास्त धोक्याच्या पण त्रास नसलेल्या रुग्णांना इब्रुटिनिब ही नवी गोळी देऊन पाहिलं. रोग पुढे सरकायला वेळ लागला, आयुष्यात फरक नाही, वर रक्तस्राव, हृदयाची लय बिघडणं हे ओझं. म्हणून आज तरी 'लवकर पकडला तर लवकर मारा' हा नियम इथे लागत नाही.

मग वेळ आली हे कळतं कशावरून, ते एका काल्पनिक केसवरून बघू. ६६ वर्षांचे निवृत्त मास्तर, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी सीबीसी केलं तर पांढऱ्या पेशी २३,०००, त्यातले ७८ टक्के लिम्फोसाइट, म्हणजे साधारण १८,०००. हिमोग्लोबिन १३.४, प्लेटलेट २ लाख १० हजार, गाठी नाहीत. काचेवर फुटून पसरलेल्या 'स्मज' पेशी दिसल्या, फ्लोने शिक्कामोर्तब केलं. पहिलं वर्ष दर ३ महिन्यांनी, मग ६ महिन्यांनी तपासणी. लिम्फोसाइट दुसऱ्या वर्षी २६,०००, चौथ्या वर्षी ३८,०००, म्हणजे दुप्पट व्हायला चारेक वर्षं लागली. हे निवांत चाललंय. आकडा नुसता मोठा असणं हे औषधाचं कारण नाही, लाखाच्या वर गेला तरी नाही.

पाचव्या वर्षी जुलैत ताप, प्लेटलेट ६२,०००, लिम्फोसाइट ५५,०००. घरात घबराट. पण टेस्ट डेंग्यूची पॉझिटिव्ह आली, आणि पावसाळ्यात गोव्यात तापाच्या दिवसांतले आकडे सीएलएलच्या हिशोबात धरायचेच नसतात. ६ आठवड्यांनी प्लेटलेट १ लाख ९० हजार, लिम्फोसाइट ४०,०००. इथे घाईने औषध चालू झालं असतं तर चुकलं असतं.

सहाव्या वर्षी जानेवारीत ६०,०००, मार्चमधे ९५,०००, संसर्ग काही नाही. दोन महिन्यांत ५० टक्क्यांच्या वर वाढ किंवा ६ महिन्यांच्या आत दुप्पट हा खरा संकेत, मात्र सुरुवातीचा आकडा ३०,००० च्या खाली असेल तर एवढ्यावरच निर्णय घेत नाहीत. मास्तरांचं हिमोग्लोबिनही १२.८ वरून ९.७ वर आलं. १० च्या खाली घसरत जाणं हा संकेतच, प्लेटलेट १ लाखाच्या खाली जाणं पण, पण आधी विचारायचं की रक्त गेलं कुठे. लोह, बी१२, आणि कूम्ब्स टेस्ट. कूम्ब्स पॉझिटिव्ह असती, म्हणजे शरीर स्वतःच्याच लाल पेशी फोडत असतं, तर आधी स्टिरॉइड द्यायचं, त्याने भागलं नाही तर सीएलएलचं औषध. यांची निगेटिव्ह आली, लोह-बी१२ ठीक, म्हणजे अस्थिमज्जाच रोगाच्या पेशींनी भरून गेली होती. आता थांबण्यात अर्थ नव्हता.

बाकीचे संकेत शरीरावर दिसतात. डाव्या बरगडीखाली ६ सेंमी किंवा जास्त उतरलेली प्लीहा, १० सेंमीची गाठ, ६ महिन्यांत १० टक्के वजन जाणं म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ५४ होणं, संसर्ग नसताना दोन आठवडे ताप, रोजची कामं होऊ नयेत एवढा थकवा. रात्रीच्या घामाचं मात्र जपून, मे महिन्यात गोव्यात घाम कुणाला येत नाही! पंख्याखाली झोपूनही कपडे-चादर बदलावी लागते, महिनाभर, संसर्गाशिवाय, तर तो मोजायचा. एखादीच गाठ अचानक भराभर वाढली आणि रक्तातलं एलडीएच हे एन्झाइम चढलं तर रोग आक्रमक लिम्फोमात बदलला का, हे बायोप्सी करून बघतात.

१७पी गुणसूत्राचा तुकडा गळणं किंवा टीपी५३ जनुक बिघडणं यावरून रोग कसा वागेल ते कळतं, पण त्रास नसेल तर तेवढ्यासाठी औषध चालू करत नाहीत. ती टेस्ट औषधाच्या आधी मात्र पुन्हा करायची, कारण मधल्या वर्षांत बदल होतो, आणि हिपॅटायटिस बी पण तपासायचा, औषधाने तो दडलेला उसळू शकतो. मास्तरांना १७पी ठीक निघालं, मग गोळी कायम घ्यायची (अकालाब्रुटिनिब वगैरे) की वेनेटोक्लॅक्स-ओबिनुटुझुमॅब असा साधारण वर्षाचा कोर्स करायचा, हे हृदय, किडनी आणि खिसा बघून ठरतं.

थांबण्याच्या काळात करायचं ते एवढंच: न्यूमोकोकल आणि दरवर्षी फ्लूची लस, जिवंत जंतूंच्या लसी टाळणं, ताप अंगावर न काढणं, आणि सगळे जुने सीबीसी एका फाइलीत तारखेप्रमाणे लावून ठेवणं, कारण दुप्पट व्हायचा वेळ एका रिपोर्टवरून निघत नाही.