शाळा ते घर : नकाशाच्या खेळामागची पार्श्वभूमी

मुलांनी शाळेपासून घरापर्यंतची वाट कागदावर काढायची हा खेळ कोल्हापूरच्या प्राथमिक वर्गांत आज सर्रास दिसतो, मात्र पूर्वीचा भूगोल जिल्ह्याच्या छापील नकाशापासून सुरू होत असे आणि मुलाचे काम त्यात नद्या व तालुके भरण्यापुरते असे. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळेबाहेरच्या जगण्याशी ज्ञान जोडण्यावर भर दिला आणि परिसर अभ्यासाच्या तासाला गल्ली व चौक हीच सामग्री ठरली.

वाद मात्र एका निर्णयावर होत राहिला : कागदाची वरची बाजू पहिल्यापासून उत्तर धरायची की नाही? बिंदू चौकाजवळच्या शाळेतून मिरजकर तिकटीकडे चालत जाणारे मूल घेऊ. ते दक्षिणेला चालते, पण कागदावर शाळा खाली आणि घर वर काढते, कारण चालण्याची दिशा त्याला 'पुढे', म्हणजे वर वाटते. साहजिकच अंबाबाईच्या देवळाची बाजू त्याच्या चित्रात उजवीकडे येते, तर छापील नकाशात ती डावीकडे असते. एका पक्षाच्या मते हे चित्र तिथेच दुरुस्त करावे. दुसऱ्या पक्षाच्या मते मुलाला आधी खुणा, मग त्यांना जोडणारी वाट आणि शेवटी सगळा परिसर एकत्र उमगतो, म्हणून उत्तर दिशा नंतर यावी. 1975 च्या सुमारास मानसशास्त्रात मांडला गेलेला हा क्रम पुढे पुरेपूर खरा ठरला नाही, तिन्ही गोष्टी बऱ्याचदा एकदमच वाढतात असे दिसले. तरीही वर्गात दुसरा पक्षच अधिक उपयोगी पडतो, कारण स्वतःचे चित्र हातात धरून वळवले की मुलाला दिशा आपोआप सापडते. मोबाइलवरचा नकाशा चालणाऱ्याबरोबर फिरू लागल्यापासून पहिल्या पक्षाचा आग्रहही सैल झाला आहे.

अंतराचा प्रश्न याहून अवघड आहे. शंभर पावलांना एक सेंटिमीटर असे प्रमाण धरले, तरी खाऊची गाडी आणि तालीम असलेला तुकडा मुले लांबवतात, तर ओळखीचे काही नसलेला रस्ता आखडतात. जुन्या पेठांतल्या तिरक्या तिकट्याही कागदावर काटकोनात येतात. शेजारी राहणाऱ्या दोघांची चित्रे एकाच चौकावर जुळवून पाहिली की ही चूक लगेच उघडी पडते, कारण पुढच्या गल्ल्या एकमेकींना मिळत नाहीत. राजारामपुरीच्या क्रमांकित, सरळ गल्ल्यांत ही अडचण कमी येते. तिथे मुले गल्ली मोजण्यात चुकतात.

अलीकडे दोन गोष्टींनी खेळाचे रूप बदलले. रिक्षा आणि व्हॅनने येणाऱ्या मुलांच्या चित्रांत खुणा असतात, पण त्यांना जोडणारी वळणे नसतात. शिवाय 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर काही वर्गांत पंचगंगेचे पाणी कुठपर्यंत आले होते ती रेघ त्याच चित्रावर काढून घरी जाण्याची दुसरी वाट शोधायला सांगतात.