आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन

समजा, एक 36 वर्षांची बाई आहे. सहा वर्षांपूर्वी बाळंतपणात तिला खूप रक्तस्राव झाला, रक्ताच्या पिशव्या चढवाव्या लागल्या. नंतर अंगावर दूध आलंच नाही आणि पाळीही परतली नाही. घरच्यांनी ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सोडून दिलं. आता तिला सतत थंडी वाजते, अंग जड वाटतं, चेहरा सुजल्यासारखा दिसतो. तपासणीत टी-4, म्हणजे थायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक थायरॉक्सिन, बराच कमी आला. रोज 50 मायक्रोग्रॅम थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली. बाराव्या दिवशी तिला उलट्या होऊ लागल्या, उठलं की भोवळ येऊ लागली. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब 80/50, साखर 54 आणि सोडियम 118 होतं.

गोळी चुकीची नव्हती, क्रम चुकला होता.

बाळंतपणातल्या रक्तस्रावाने मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीचा, म्हणजे पिट्युटरीचा, रक्तपुरवठा तुटतो आणि तिचा मोठा भाग मरतो, तो हा आजार. 1937 साली हॅरॉल्ड शीहान यांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्याला शीहान सिंड्रोम म्हणतात. पियुषिका थायरॉइडला हुकूम देते तसाच मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींनाही देते. हुकूम देणारीच गेल्यावर थायरॉक्सिन आणि अ‍ॅड्रिनलचं संप्रेरक कॉर्टिसॉल, दोन्ही आटतात.

मग इतकी वर्षं ही बाई तगली कशी? गच्चीवरच्या टाकीसारखी. वरून धार बारीक झाली होती, पण खालचा नळही जेमतेम उघडा होता. कॉर्टिसॉलची मोडतोड मुख्यतः यकृतात होते आणि त्या कामाचा वेग थायरॉइडच्या संप्रेरकावर अवलंबून असतो. थायरॉइड मंद असेल तर कॉर्टिसॉल रक्तात जास्त वेळ टिकतं. शिवाय सगळं शरीरच सुस्त चाललेलं असल्याने त्याची गरजही कमी असते. थोडक्यात भागत होतं.

थायरॉक्सिन दिलं आणि खालचा नळ मोठा उघडला. यकृत कॉर्टिसॉल झपाट्याने संपवू लागलं, चयापचय वाढला तशी मागणीही वाढली. निरोगी माणसात अशा वेळी पियुषिका अ‍ॅड्रिनलला ‘आणखी बनव’ म्हणून सांगते आणि कुणाला काही कळतही नाही. इथे सांगणारं कुणी नाही, त्यामुळे टाकी रिकामी झाली. याला अ‍ॅड्रिनल क्रायसिस म्हणतात, आणि त्याने जीव जाऊ शकतो. थायरॉक्सिनचं अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचं, परिणाम हळूहळू साठत जातो. म्हणून बिघाड पहिल्या गोळीला न दिसता काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी दिसतो, आणि तोवर गोळीवरचा संशय मावळलेला असतो.

खरी खूण पहिल्याच रिपोर्टात होती. टी-4 कमी असताना तिचा टीएसएच, म्हणजे पियुषिका थायरॉइडला पाठवते तो हुकूम, होता 2.8. थायरॉइडच बिघडलं असतं तर पियुषिकेने ओरडून टीएसएच कितीतरी वर नेला असता. तो ‘नॉर्मल’ दिसणं हीच इथली गडबड, आणि रिपोर्टात ठळक अक्षर नसल्यामुळे ती नजरेतून सुटते. अशा वेळी सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल तपासायचं. ते 3 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर कमतरता जवळपास नक्की, 15 ते 18च्या वर असेल तर सहसा नाही. मधल्या आकड्यांसाठी इंजेक्शन देऊन अ‍ॅड्रिनलला डिवचून पाहावं लागतं. पोटॅशियम नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. पियुषिकेच्या आजारात ते बिघडत नाही, कारण क्षार सांभाळणारं अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाच्या हुकमावर चालतं.

तातडीच्या खोलीत आधी कॉर्टिसॉलसाठी रक्त घेतलं, पण रिपोर्टची वाट न पाहता 100 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातलं कॉर्टिसॉल, शिरेतून दिलं आणि सलाईन लावलं. सोडियम फार भरभर चढू नये म्हणून ते पुन्हा पुन्हा मोजत राहिले, कारण त्या घाईने मेंदूला इजा होते. कॉर्टिसॉल आलं 1.8. इतक्या गंभीर अवस्थेत ते उंच असायला हवं होतं.

सावरल्यावर सकाळी 10 आणि दुपारी 5 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या ठरल्या. थायरॉक्सिन काही दिवस थांबवून मग कमी डोसने पुन्हा सुरू केलं. हा उशीर परवडतो, कारण थायरॉक्सिनला तसेही आठवडे लागतात. हायड्रोकॉर्टिसोन मात्र काही तासांत काम करतं. थायरॉइड इतकं खालावलं की रुग्ण बेशुद्ध झाला, तर थांबायला वेळ नसतो. तिथे दोन्ही एकाच दिवशी देतात, पण तेव्हाही हायड्रोकॉर्टिसोन आधी टोचतात.

उलट्या बाजूचा एक फसवा प्रकारही आहे. अ‍ॅडिसन रोगात अ‍ॅड्रिनल ग्रंथीच खराब होतात. कॉर्टिसॉल एरवी टीएसएचला थोडं दाबून ठेवतं. ते कमी झालं की टीएसएच जरासा वर जातो, 7 किंवा 8 असा. पाहणाऱ्याला वाटतं, थायरॉइडही गेलं. हायड्रोकॉर्टिसोन सुरू करून काही आठवड्यांनी पुन्हा तपासलं तर कित्येकदा टीएसएच आपोआप जागेवर आलेला असतो, आणि थायरॉक्सिनची गरजच उरत नाही.