रिटर्नमध्ये रिकामा बॉक्स किंवा दुसरीच वस्तू आली, तर क्लेम कसा टाकायचा

सांगली, विटा, इस्लामपूरकडच्या ऑनलाइन विक्रेत्यांनी ई-कॉमर्स कंपनीकडे टाकलेले भरपाईचे क्लेम नाकारले जातात, तेव्हा उत्तर बहुतेक एकाच ओळीचं येतं: पुरावा अपुरा. काय अपुरं होतं, हे सांगायची तसदी कुणी घेत नाही. म्हणून इथे त्यावरच जास्त लिहितो.

क्लेम त्या ऑर्डरच्या विक्रेत्यालाच टाकता येतो. सेलर पॅनलवर 'रिटर्न' विभागात ऑर्डर उघडा, कारण निवडा, पुरावे जोडा. कारण मात्र जपून निवडा. ग्राहकाने माल घेऊन परत पाठवला तर ते 'कस्टमर रिटर्न', न घेताच परत आला तर 'आरटीओ'. दोन्हींच्या क्लेमची कारणं वेगळी असतात आणि चुकीच्या खान्यात टाकलेला खरा क्लेमही अडकतो.

खरी अडचण व्हिडिओची. विट्याच्या एका ताईंनी २,४०० रुपयांची साडी पाठवली, परत आली जुनी, धुतलेली साडी. त्यांनी व्हिडिओ काढला होता, पण तो पाकीट फोडल्यानंतर सुरू होत होता. त्यामुळे जुनी साडी त्याच पाकिटातून निघाली, हे सिद्धच होईना. क्लेम गेला.

व्हिडिओ बंद पाकिटापासून सुरू करा. आधी लेबलवरचा एडब्ल्यूबी नंबर, म्हणजे कुरिअरचा पार्सल क्रमांक, वाचता येईल इतका जवळून दाखवा, मग सगळ्या बाजू आणि चिकटपट्टी, मग वजनकाट्यावर ठेवून आकडा. त्यानंतरच कात्री लावा. मध्ये कट नको, पॉज नको, पाकीट क्षणभरही चौकटीबाहेर नको.

साडीला मोबाइलसारखा सीरियल नंबर नसतो. त्यामुळे पाठवतानाच आपला क्रमांक असलेला टॅग, तोडल्याशिवाय निघणार नाही असा, पदराजवळ बांधा आणि तो टॅग व वजन पॅकिंगच्या व्हिडिओत दाखवा. जाताना ६४० ग्रॅम आणि येताना २१० ग्रॅम, हे दोन आकडे शेजारी ठेवले की वाद घालायला जागा फार कमी उरते. टॅक्स इनव्हॉइसही जोडा.

दुसरी अडचण मुदतीची. ती तुम्ही पाकीट उघडता तेव्हापासून मोजत नाहीत, पॅनलवर रिटर्न 'डिलिव्हर्ड' दिसतं तेव्हापासून मोजतात. कुरिअरवाला पाकिटांचा गठ्ठा एकदम देऊन ओटीपी घेऊन जातो, आणि लग्नसराईत तो तसाच कोपऱ्यात पडून राहतो. तेवढ्यात मुदत संपते. मुदतीचे दिवस प्रत्येक कंपनीचे वेगळे, ते आपल्याच पॅनलच्या नियमांत बघा, शेजारच्या दुकानदाराला विचारून चालू नका. पाकीट फाटलेलं किंवा हलकं लागलं, तर ओटीपी देण्याआधी कुरिअरवाल्यासमोर फोटो काढा आणि पोचपावतीवर शेरा लिहून घ्या.

१९१५ ही हेल्पलाइन ग्राहकांसाठी आहे, तिथे विक्रेत्याने वेळ घालवू नये. क्लेम नाकारला तर त्याच तिकिटावर फेरविचार मागा, आणि 'अन्याय झाला' असं न लिहिता व्हिडिओतला मिनिट-सेकंद, टॅग क्रमांक आणि दोन्ही वजनं लिहा.