आरसीवर बँकेचं नाव दिसतंय: कर्ज चालू आहे की नुसती नोंद राहिली आहे?

जुनी गाडी घेताना विकणारा व्हॉट्सअ‍ॅपवर आरसीचा फोटो पाठवतो आणि सोबत सांगतो, "लोन क्लिअर आहे." बहुतेक वेळा हा फोटो कार्डाच्या फक्त पुढच्या बाजूचा असतो. सध्याच्या स्मार्ट कार्डावर मालकाचं नाव, इंधन आणि नोंदणीची तारीख पुढे असते, पण फायनान्सरची ओळ मागे छापलेली असते. म्हणजे कर्जाबद्दल जे कळायला हवं, ते त्या फोटोत नसतंच. म्हणून आधी मागची बाजू मागवा.

मागच्या बाजूला बँकेचं नाव दिसलं, तर दोन शक्यता उरतात. एक, हप्ते अजून चालू आहेत. दुसरी, हप्ते फिटलेत पण आरटीओतला बोजा उतरवलेला नाही. फोटोत दोन्ही अगदी सारख्याच दिसतात, कारण कार्डावर फक्त बँकेचं नाव असतं, रक्कम किंवा थकबाकी नाही.

फरक कागदांतून कळतो. कर्ज फिटलं की बँक एनओसी देते आणि सोबत फॉर्म ३५ देते. त्यावर मालक आणि बँक दोघांच्याही सह्या लागतात. हा फॉर्म आरटीओत गेला की बोजा उतरतो आणि बँकेच्या नावाशिवाय नवं आरसी मिळतं. बरेच जण एनओसी फाइलला लावतात आणि सुटलो म्हणतात. हे लोक खोटं बोलत नाहीत, कर्ज खरंच संपलेलं असतं. पण नोंद आहे तोवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे बँकेच्या लेखी संमतीशिवाय गाडी तुमच्या नावावर होत नाही. हप्तेच चालू असतील तर प्रकरण वेगळं: हप्ते थकले तर बँक गाडी उचलून नेऊ शकते, मग तुम्ही मालकाला पूर्ण पैसे दिलेले असोत वा नसोत.

आता एक उदाहरण धरू. फोटोत नोंदणीची तारीख १८ जून २०१९, उत्पादन एप्रिल २०१९, मालक क्रमांक ०२, इंधन पेट्रोल/सीएनजी आणि फायनान्सरच्या जागी एका बँकेचं नाव. विकणारा म्हणतो, "पाच वर्षांचं लोन होतं, २०२४ लाच संपलं." हिशोब बरोबर वाटतो, पण तो पहिल्या मालकाचा आहे. नोंदणीची तारीख गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली त्या दिवसाची असते. मालक बदलला तरी ती तीच राहते. दुसऱ्या मालकाने २०२३ मध्ये जुन्या गाडीवर कर्ज काढून ती घेतली असेल, तर तेच पाच वर्षांचं कर्ज २०२८ पर्यंत चालेल. त्यामुळे मालक क्रमांक ०२ किंवा पुढचा असेल, तर नोंदणीच्या तारखेवरून कर्जाचा अंदाज बांधूच नये. अशा वेळी बँकेचं खात्याचं स्टेटमेंट मागायचं, आणि त्यावरचं नाव आरसीवरच्या मालकाचंच आहे ना, ते बघायचं.

नाव बघताना मात्र ओळ चुकवू नका. मालकाच्या नावाखाली वडिलांचं किंवा पतीचं नाव असतं, आणि तिरक्या काढलेल्या किंवा चमक आलेल्या फोटोत तेच ठळक दिसतं. इंधनाच्या ओळीत नुसतं 'पेट्रोल' आणि डिकीत सीएनजीची टाकी, असं असेल तर किट आरसीवर चढवलेलं नाही. मग तेही विचारायला हवं.

फायनान्सरचा रकाना रिकामा असला तरी लगेच निश्चिंत होऊ नका. फोटो म्हणजे कार्ड छापलं त्या दिवसाची स्थिती. त्यानंतर मालकाने गाडीवर कर्ज काढलं असेल, तर जुन्या कार्डाचा मोबाइलमध्ये राहिलेला फोटो कोराच दिसणार. उलटही होतं: बोजा उतरलाय, नवं कार्ड घरात आहे, पण फोटो जुन्याचाच पाठवलाय. म्हणून गाडीचा नंबर 'वाहन' पोर्टलवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर टाकून आजची नोंद बघा. मालकाचं नाव तिथे अर्धवट झाकलेलं दिसेल, पण सुरुवातीची अक्षरं फोटोशी जुळवता येतात.

पोर्टलवरही बँकेचं नाव दिसलं आणि विकणाऱ्याकडे एनओसी असेल, तर बँकेच्या शाखेत फोन करून ती खरी आहे का विचारा, आणि तिच्यावरची तारीख बघा. अनेक एनओसींवर मुदत लिहिलेली असते. ती उलटली असेल तर विकणाऱ्याला बँकेकडून नवी आणावी लागेल. बोजा उतरवायचं काम त्याच्याच खर्चाने होऊ द्या, आणि तोवर टोकनपलीकडे रक्कम देऊ नका.