आठ बाय दहात थोरली काकू का मावली नाही

आमच्या घरातल्या एका लग्नाचा ग्रुप फोटो आहे. चार बाय सहाच्या प्रिंटमध्ये सगळे नीट उभे आहेत. तोच भिंतीवर लावायला आठ बाय दहात मोठा करून आणला, तर डाव्या टोकाच्या थोरल्या काकूचा एक कान आणि गाल गायब. प्रिंट काढणाऱ्याने मुद्दाम काही केलं नव्हतं. फोटो आणि कागद यांची मापं वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांनी ठरली आणि त्यांची गाठ पडली ती आमच्या काकूच्या गालावर.

कागदाचं माप जुनं, काचेच्या प्लेटच्या काळातलं. तेव्हा निगेटिव्ह म्हणजे रसायन लावलेली काच. ती थेट कागदावर ठेवून प्रकाश दिला की तेवढ्याच मापाचा फोटो मिळे. आठ बाय दहाची प्लेट, आठ बाय दहाचा फोटो. कापाकापीचा प्रश्नच नव्हता, कारण फोटोग्राफर पडद्याआडून जेवढं बघायचा तेवढंच कागदावर यायचं. प्लेटा गेल्या, पण कागद आणि फ्रेमा त्याच मापाच्या राहिल्या.

कॅमेऱ्याचं माप आलं सिनेमाकडून. एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन यांनी 35 मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर चौकट बसवली ती साधारण 18 बाय 24 मिलिमीटरची, म्हणजे 4:3 या प्रमाणातली. जर्मनीत ऑस्कर बार्नाक यांनी हीच फिल्म आडवी धरली आणि अशा दोन चौकटींची जागा एका फोटोला दिली: 24 बाय 36. प्रमाण झालं 3:2. 1925 साली त्यांचा लायका कॅमेरा बाजारात आला आणि पुढे फिल्म कॅमेऱ्यांचं हेच मुख्य माप झालं. इकडे एका चौकटीचं 4:3 सिनेमातून टीव्हीत, टीव्हीतून कॉम्प्युटरच्या पडद्यावर आणि तिथून डिजिटल कॅमेऱ्यात नि मोबाइलमध्ये उतरलं. कॅमेरा आणि मोबाइल ही एकाच फिल्मची दोन नातवंडं आहेत, हे कळलं तेव्हा मला फार गंमत वाटली.

आता काकूचा हिशेब. फोटो 3:2 चा. उंची आठ इंच केली की रुंदी आपोआप बारा इंच होते. कागद दहाचा. दोन इंच बाहेर जाणारच. मशीन मधोमध धरतं आणि डावीकडून एक, उजवीकडून एक इंच उडवतं. पूर्वी डार्करूममध्ये एन्लार्जरखाली कागद सरकवून काय ठेवायचं ते माणूस ठरवायचा. प्रिंट आपोआप निघू लागल्यावर ती नजर गेली. पण इथे चौकट सरकवूनही भागलं नसतं, कारण दोन्ही टोकांना माणसं होती. काकू वाचली असती तर पलीकडचे आत्याचे यजमान कापले गेले असते.

मोबाइलच्या फोटोचं दुखणं उलटं. 4:3 चा आडवा फोटो सहा इंच रुंद केला की उंची साडेचार इंच होते. कागद चारचा, म्हणून वरून पाव आणि खालून पाव इंच जातो. मागच्या रांगेतल्यांचे फेटे इथेच कापले जातात. पायांखाली सतरंजी मोकळी असेल तर चौकट वर सरकवून सगळा अर्धा इंच खालूनच काढावा. हाच फोटो आठ बाय दहात मात्र बराच बरा बसतो, तिथे दोन्ही बाजू मिळून इंचाचा दोन तृतीयांश भागच जातो.

आणखी एक छोटी चोरी असते. पांढरी कड न ठेवता छापताना मशीन फोटो कागदापेक्षा किंचित मोठा पाडतं, म्हणजे कागद जरा हलला तरी रेघ दिसत नाही. त्यात चारही बाजूंचा एखाद-दोन मिलिमीटर भाग जातो. फिल्मच्या बहुतेक एसएलआर कॅमेऱ्यांच्या खिडकीतून निगेटिव्हपेक्षा थोडं कमीच दिसायचं, त्यामुळे ही चोरी झाकली जायची. मोबाइलचा पडदा सगळंच दाखवतो, राखीव काही उरत नाही. म्हणून ग्रुप काढताना दोन्ही टोकांना एकेका माणसाची जागा मोकळी सोडावी. शेवटच्या माणसाचा खांदा पडद्याच्या कडेला टेकला असेल, तर आठ बाय दहाचा नाद सोडावा.

फोटो आधीच काढून झाला असेल, तर मोठी बाजू लहान बाजूने भागून बघावी. दीड आला तर चार बाय सहा, आठ बाय बारा, बारा बाय अठरा यांत तो न कापता बसतो. आठ बाय दहाचीच फ्रेम घरात असेल, तर ‘पांढरी बॉर्डर ठेवून पूर्ण फोटो’ असं ऑर्डरवर लिहून द्यावं. मग रुंदी दहा इंच राहते, उंची साडेसहाच्या थोडी वर येते आणि वर-खाली पांढऱ्या पट्ट्या दिसतात.

आम्ही शेवटी आठ बाय बारा काढला आणि फ्रेम नवी करून घेतली. काकूचा कान आता कुडीसकट दिसतो.